समासातलं 'टाळ'

घरात तिला अजूनही 'छोटी' म्हणत. केस पांढरे व्हायला लागले तरी. दादा म्हणायचा, वहिनी म्हणायची, आणि वडील होते तोवर तेही. वडील नाटकं लिहीत, दादा ती बसवी आणि छोटी त्यांत कामं करी. पण त्याआधीचं एक काम तिचं एकटीचं असे. वडिलांच्या हातची पानं वाचून त्यांची स्वच्छ प्रत करणं.

ते काम दुसऱ्या कुणाला झेपण्यासारखं नव्हतंच. वडिलांचं अक्षर उजवीकडे असं झुकलेलं, की पानावरून वारं गेलंय असं वाटावं. शिरोरेघ ते कधी देत नसत. "रेघ मारेपर्यंत वाक्य पळून जातं," म्हणत. कॉलेजात असताना छोटीने पहिल्यांदा त्यांची प्रत केली तेव्हा 'निघायची वेळ झाली' याचं तिने 'निघायची वेल झाली' केलं होतं. तालमीत दादाने ते तसंच मोठ्याने वाचलं आणि सगळे हसून लोळले होते. त्यानंतर तिची चूक झाली नाही.

वडील जाऊन तीन वर्षं झाली, आणि एका प्रकाशनाने त्यांचं शेवटचं नाटक पुस्तकरूपात काढायचं ठरवलं. नाटक एका घड्याळजीचं होतं. त्याची नजर जात चाललेली असते आणि मुलीने त्याला न सांगता दुकान विकलेलं असतं. घड्याळजी दादा करायचा, मुलगी छोटी. प्रयोग बरे चालले होते. प्रकाशकांना मात्र छापायला टाइप केलेली प्रत नको होती, मूळ हस्तलिखित हवं होतं. दादा दुसऱ्या एका नाटकाच्या दौऱ्यावर होता. वहिनीने कपाटातून पानांचा गठ्ठा काढला आणि पाठवून दिला. छोटीला प्रकाशकांचा फोन आला, "आमच्या टाइप करणाऱ्या बाईंना अक्षर लागत नाहीये. येता का दोन दिवस?"

प्रकाशनाचं ऑफिस म्हणजे जिन्याखालून आत गेलं की एक लांब खोली. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत जावं लागे. टाइप करणाऱ्या बाई चुणचुणीत होत्या आणि वैतागलेल्या होत्या.

"ताई, हे बघा. 'काळ' आहे का 'काल'? आणि इथे 'नाळ' का 'नाक'? 'नाक तुटली' असं कसं असेल?"

छोटी हसली. "तुम्हाला एक तक्ताच करून देते. मग कुणाला विचारायला नको."

तिने कोरा कागद घेतला आणि तीन ओळी आखल्या. ल, ळ आणि क. मग पानांच्या झेरॉक्स काढून त्यांतले शब्द कापून एकेका ओळीत डकवायला लागली. ज्या शब्दांबद्दल शंकाच नाही असेच शब्द आधी घ्यायचे, हे तिला ठाऊक होतं. 'सगळे' म्हणजे 'सगळे'च, 'घड्याळ' म्हणजे 'घड्याळ'च. तसंच 'लाल', 'एकटा', 'लोक'.

"ल बघा," ती बाईंना म्हणाली. "दोन कमानी असतात आणि खालून दोन्ही उघड्या. घाईत टोकं आत वळली तरी पूर्ण मिटत नाहीत. ळची दोन्ही पोटं बंद. बाबा ळ एका दमात काढायचे. वरून थोडं खाली, कंबरेपाशी थांबून डावीकडे वळसा, मग उजवीकडे वळसा, संपलं. पेन उचलायचं नाही."

"आणि क?"

"कमध्ये खरी गंमत आहे. उजवीकडचा आकडा घाईत एवढा आत वळतो की तोही पोटासारखा दिसतो. म्हणून पोटाकडे बघायचंच नाही. दांडा बघायचा. कचा दांडा वळशांच्या खाली उतरतो. ळचा कंबरेतच संपतो, खाली शाई नसते."

बाईंनी मान डोलावली आणि लगेच दोन शब्द बरोबर ओळखून दाखवले. छोटीला बरं वाटलं. तिला आता शब्दाच्या शेवटी आलेला, पुढे काहीच नसलेला एक ठसठशीत ळ हवा होता. तो कुठे सापडेल हे तिला शोधावं लागलं नाही. तो शब्द तिला पाठ होता.

दुसऱ्या अंकात मुलीचं एक मोठं भाषण होतं. वडिलांनी ते लिहिलं तेव्हा तिला रात्री उठवून वाचून दाखवलं होतं. पुढे ते आजारी पडले. त्या काळात ती हॉस्पिटलात त्यांच्यापाशी असे आणि पानं दादाकडे होती. ते गेल्यावर, तालमी सुरू होताना, दादाने तिला त्या पानाची झेरॉक्स दाखवली होती. समासात वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'हे भाषण शेवटी टाळ.' खाली रेघ ओढलेली.

"म्हणजे नकोच म्हणाले अखेरीस," दादा म्हणाला होता. "वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांना वाटलं असेल, तुला झेपणार नाही."

त्या वेळी तिने नीट पाहिलंही नव्हतं. दादाने वाचलं तसंच तिला दिसलं. आपल्याला झेपणार नाही असं बाबांना वाटलं, हे एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. त्यानंतर तिने बाहेरची दोन कामं सोडली. दोन्ही भूमिका लांबलचक बोलण्याच्या होत्या. विचारणाऱ्यांना ती सांगे, "मला थोडंच बोलायचं काम द्या."

आता गठ्ठ्यातून तिने ते मूळ पान काढलं. झेरॉक्समध्ये सगळंच काळं होतं. मूळ पानावर अक्षरं निळ्या शाईची होती आणि खालची रेघ लाल पेन्सिलीची. वडील दिग्दर्शकासाठीच्या सूचनेखाली नेहमी लाल रेघ मारत, ते तिला आठवलं. तिने शब्द तक्त्याजवळ नेला, ळच्या ओळीत धरला आणि तिचा हात तसाच राहिला.

निळा दांडा कंबरेपाशी थांबला नव्हता. दोन्ही वळशांमधून तो सरळ खाली आला होता, लाल रेघेला छेदून पलीकडे गेला होता आणि शेपटीसारखा डावीकडे वळला होता.

"ताई, हा तर क आहे ना?" बाई डोकावून म्हणाल्या. "तुम्हीच आत्ता सांगितलंत."

"हो," छोटी म्हणाली. "क आहे."

हे भाषण शेवटी टाक. म्हणजे इथून काढ आणि नाटकाच्या शेवटी घाल. नाटकाचा शेवटचा शब्द मुलीचा.

झेरॉक्समध्ये रेघ आणि शेपटी एकमेकांत मिसळून गेली होती. चूक होऊ शकते, असं ती ऑफिसातून बाहेर पडताना स्वतःला सांगत होती. दादाच्या घरी जायला रिक्षात बसल्यावरही सांगत होती. दादाने घाईत वाचलं असेल. झेरॉक्सवरूनच वाचलं असेल. पण झेरॉक्स काढायला मूळ पान त्यानेच तर हातात घेतलं होतं.

दादा आदल्याच दिवशी दौऱ्यावरून परतला होता. दार त्यानेच उघडलं. घरच्या बनियनवर होता, हातात चहाचा कप.

"ये, ये. प्रकाशकांकडे गेली होतीस म्हणे? लागतंय का त्यांना अक्षर?"

"लागायला लागलं," ती म्हणाली. ती बसली नाही. "दादा, मी मुलीच्या भाषणाचं मूळ पान बघितलं आज."

दादाने कप टेबलावर ठेवला. तेवढ्यात आतून वहिनी आली. छोटीचा चेहरा पाहिला, नवऱ्याचा पाहिला आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं सांगितलंत एकदाचं," ती म्हणाली. "मी तेव्हापासून मागे लागले होते यांच्या."

दादाने तर अजून काहीच सांगितलं नव्हतं. वहिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे वहिनी, तुलाही माहीत होतं," छोटी म्हणाली.

"अगं, मी..." वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं.

"तू आत जा," दादा तिला म्हणाला.

"नको, थांबू दे तिला. दादा, तू मला चुकून सांगितलंस का?"

त्याला हो म्हणता आलं असतं. तिला अजूनही वाटत होतं की त्याने हो म्हणावं. तो खुर्चीत बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मला वाचता येत होतं. झेरॉक्स काढली तेव्हा ते ळसारखं दिसलं. मग वाटलं, असू दे."

"असू दे?"

"शेवट माझा होता, छोटे. म्हातारा एकटा बसलाय, चावी देतोय, अंधार. मी तो शेवट दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरत होतो. आणि बाबांनी हॉस्पिटलात जायच्या आधी एका ओळीत तो काढून तुला दिला. मला विचारलंसुद्धा नाही. समासात हुकूम, बस."

"मग बाबांशी भांडायचंस."

"मी पान पाहिलं तेव्हा ते शुद्धीवर कुठे होते?"

"मग माझ्याशी भांडायचंस! मी सोडलं असतं ते भाषण. तू नुसतं म्हणाला असतास ना, दादा, की शेवट मला हवाय, तर मी हसत सोडलं असतं. तुला माहीत आहे हे." तिचा आवाज फाटला. "तू मला सांगितलंस की त्यांना वाटलं, मला झेपणार नाही. ते तर पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. ना कमध्ये, ना ळमध्ये. ते तुझं होतं."

दादा वर बघेना. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून रडत होती.

"पुढच्या प्रयोगापासून घेऊ," तो शेवटी म्हणाला. "जसं त्यांनी लिहिलंय तसं. मी तालीम लावतो."

"तू समोर बसणार आणि मी बोलणार?"

"हो."

"नाही जमणार मला," छोटी म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली.

पुस्तक वडिलांनी लिहिलं होतं तसंच निघालं. शेवटचं पान मुलीच्या भाषणाचं. तिने मुद्रितं तपासली आणि प्रस्तावनेत काही लिहायला नकार दिला. नाटक दादाने बंद केलं नाही. नवी मुलगी घेतली आणि भाषण शेवटी घातलं. पहिल्याच प्रयोगाला म्हणे लोक उभे राहिले. वहिनीने फोनवर सांगितलं. छोटीने ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाली. दादाने तीनदा निरोप पाठवला. एकदा स्वतः दारात आला. तिने त्याला चहा दिला, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली आणि तो जाईपर्यंत दुसरं काहीही बोलली नाही. जाताना तो म्हणाला, "छोटे, शिव्या तरी दे." तिने दार लावून घेतलं.

एका रविवारी दुपारी तिचा नवरा पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होता. ती पुस्तक घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"वाचू?" तिने विचारलं.

"वाच की."

तिने सुरुवात केली. पहिली चार वाक्यं सरळ गेली. पाचव्या वाक्याला ती अडखळली. श्वास कुठे घ्यायचा ते कळेना. त्या रात्री वडिलांनी वाचून दाखवलं तेव्हा ते मध्येच कुठेतरी थांबले होते, एवढं तिला आठवत होतं, पण कुठे ते आता आठवत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आठवलं असतं.

"थांबलीस का?" नवऱ्याने विचारलं.

"बघते," ती म्हणाली, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं.