भुई दुभंगली तेव्हा

"नजर भुईला ठेव, राहे. भुईला बघून चालणारीचा पाय कधी घसरत न्हाई."

उंब्रजच्या माहेरात आईनं म्हटलेलं हे बोलणं वीस वर्षांनीही राहीबाईच्या कानात घुमायचं. साताऱ्याच्या दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात पडल्या पडल्या तिला त्याच बोलण्याचा संताप येत होता. भुईला बघितलं की भुईच दुभंगायची. एका पायरीच्या दोन व्हायच्या, वरची सरळ, खालची कलती. ताटातल्या भाकरीखाली दुसरी भाकर, आणि हात जायचा नेमका नसलेलीकडं. मान डाव्या खांद्यावर टाकून हनुवटी छातीशी घेतली की दोन्हीची एक व्हायची. म्हणून महिनाभर ती तशीच वावरत होती.

घरात त्याला वेगळंच नाव पडलं. "अंगात वारं शिरलंय हिच्या. मान कशी टाकलीया बघा," सासू चंद्राबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. देवऋषी झाला, लिंबं कापून झाली. आता नवरा, सयाजी, आईसोबत खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणत होता, "डाक्टरनं एकदा येडी म्हणून लिवून दिलं की उंब्रजला नेऊन घालतो. पोरी ऱ्हातील आमच्याकडं."

दोन पोरी. धाकटीचे अजून दुधाचे दात पडायचे होते. राहीबाईनं चादरीची कड मुठीत आवळली.

डॉक्टर सलिमा मुल्ला आल्या. बाई कोरेगावच्या, बोलणं घरचंच. त्यांनी आधी उजवा डोळा झाकायला लावला. "आता किती दिसतंय?"

"एक. खालचं गेलं."

"डावा झाक."

"वरचं गेलं. खालचं कलतं ऱ्हायलं."

"म्हंजे एकेका डोळ्याला एकच दिसतंय. दोन्ही मिळून बघितलं की जोडी जुळंना." बाईंनी पेन डोळ्यांसमोरून हळूहळू फिरवलं. डोळे पाटातल्या पाण्यागत सरकत गेले, कुठं अडखळले नाहीत. मग एकदा ह्या बोटाकडं, एकदा त्या बोटाकडं बघायला सांगितलं. डोळे टुणकन उडी मारून नेमके बोटावर बसले. फक्त डावीकडं खाली बघताना उजवा डोळा जरासा मागं राहिला. तेवढ्यात बाईंनी मागं उभ्या सिस्टरला डोळ्यानं खुणावलं. सिस्टरनं पत्र्याचा ट्रे फरशीवर टाकला. राहीबाईची नजर झटक्यात तिकडं वळली.

"दचकली बघा. वाऱ्याची खूण," चंद्राबाई म्हणाली.

"आजी, तुमीबी तिकडंच बघितलं. तुमच्याबी अंगात वारं का?"

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी फस्सकन हसली. चंद्राबाईनं पदर सावरला.

"मेंदूच्या मधल्या भागात, मागच्या अंगाला, टेंगळांची एक जोडी असती," बाई म्हणाल्या. "सुपिरिअर कॉलिक्युलस. आवाज झाला, काही हाललं, की नजर तिकडं फेकायचं काम तिचं. माकडांवर सध्या लय अभ्यास चाललाय त्याचा. हिची ती जागा शाबूत हाय. डोळे फिरवणारा मेंदू शाबूत हाय. वेड न्हाई नि वारंबी न्हाई."

मग त्यांनी राहीबाईचं डोकं दोन्ही हातांत धरून उजव्या खांद्याकडं कलवलं. उजवा डोळा वर चढला आणि बाईंच्या बोटातली एक अंगठी दोन होऊन लांब लांब गेली. डावीकडं कलवलं, तशी एक झाली.

"दुखणं हाय चौथ्या नसेचं. उजव्या डोळ्याला खाली वळवणारा एक स्नायू हाय, त्याची. केसावानी बारीक, मेंदूच्या पाठीमागनं निघून लांब वळसा घालती. डोक्याला दणका बसला की सहज दुखावती. बहुतेक चारसहा महिन्यांत भरून येती. तवर एका डोळ्यावर पट्टी."

"दणकाच की," सयाजी घाईनं म्हणाला. "पायरीवरनं पडली ती. हिनंच सांगितलंय समद्यांला. धड चालाय येत न्हाई, ती येडीच."

बाईंनी त्याच्याकडं बघितलंच नाही. "राहीबाई, आधी पडलीस का आधी दोन दिसाय लागलं?"

राहीबाईची नजर सयाजीकडं गेली. तोंड उघडलंस तर पोरी दिसायच्या न्हाईत, असं त्यानं सांगितलं होतं. म्हणून महिनाभर ती ज्याला त्याला 'पडले' म्हणत आली. आणि आज तोंड मिटलेलं असूनही तो पोरी न्यायला निघालाच होता. मग महिनाभर गप्प बसून राखलं काय?

ती उठून बसली. मान कलती ठेवली नाही. समोर सयाजी दोन झाला, एकाखाली एक. तिनं दोघांकडंही बघितलं.

"आधी दोन दिसलं. पायरीवरनं पडले ते दुसऱ्या दिवशी."

"राहे," चंद्राबाई पुटपुटली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. तुमीबी हुता की बांधावर." तिचा आवाज वॉर्डभर गेला. "लिवा बाई. उसाची पाण्याची पाळी माझ्याकडनं चुकली, म्हणून खोऱ्याचा दांडा घातला डोक्यात. सयाजीनं. ह्या माझ्या नवऱ्यानं."