पंधरा वर्षांची सही

धाकटा भाऊ अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तरी ताईच्या तोंडी तो छोटूच होता. तो कवळ्या आणि दातांच्या कॅपा बनवायचा. घराच्या मागच्या खोलीत त्याचं काम चाले. चार डॉक्टर ठरलेले होते. ते साचे पाठवायचे आणि छोटू टेबलाशी वाकून मेणाचा एकेक दात कोरायचा. "लोकांच्या तोंडचा घास माझ्या हातात आहे," असं म्हणून स्वतःच हसायचा. बायको गेल्यावर तो ताईकडे परत आला होता. ताईने लग्न केलं नव्हतं. तिने बत्तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले आणि आता पेन्शनवर घर चालवत होती. घर वडिलांचं, दोघांच्या नावावर.

एका दुपारी छोटू माहितीपत्रक घेऊन आला. "ताई, हे मिलिंग मशीन. संगणकावर दाताचं चित्र काढायचं, मशीन तसा दात कापून देतं. डॉक्टर म्हणतात, आता हाताचं काम कोण घेणार?"

"केवढ्याला?"

"बारा लाख."

ताईने चष्मा काढून पुसला. एवढे पैसे दोघांनी मिळून कधी पाहिले नव्हते.

दोघं बँकेत गेले. कर्जाच्या टेबलावरची बाई तरुण होती, पण घाईत नव्हती. तिने छोटूची तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं चाळली.

"वैयक्तिक कर्ज तुमच्या उत्पन्नावर मिळतं, तारण काही लागत नाही," ती म्हणाली. "पण या उत्पन्नावर पाच लाखांच्या वर देता येणार नाही. व्याज सोळा टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण बारा हजार दोनशे."

"आणि घरावर?"

"घराची किंमत तीस लाख धरली, तर बारा लाख सहज. साडेदहा टक्के, पंधरा वर्षं. हप्ता तेरा हजारांच्या थोडा वर. दर बदलता असतो, वरखाली होऊ शकतो."

छोटूचा चेहरा उजळला. "बघ ताई. हप्ता जवळपास तेवढाच आणि पैसे दुपटीहून जास्त."

इस्पितळात ताईची नजर काळ्या-पांढऱ्यातली बारीक रेघ शोधायला सरावलेली होती. तिने बाईला विचारलं, "पंधरा वर्षांत व्याज किती जाईल?"

बाईने आकडे दाबले आणि पडदा तिच्याकडे वळवला. "अकरा लाख अठ्ठ्याऐंशी हजार."

"म्हणजे घेतले तेवढेच परत वर द्यायचे."

"जवळजवळ. दर कमी असला तरी मुदत लांब आहे ना. पाच लाखांच्या कर्जाला पाच वर्षांत सव्वादोन-अडीच लाखांच्या मधे व्याज जातं."

"आणि हप्ते थकले तर?"

"वैयक्तिक कर्जात वसुलीचे फोन येतील, कोर्टात दावा होऊ शकतो, पुढे कुठे कर्ज मिळणं अवघड होईल. पण घर आमच्याकडे गहाण नसतं. या दुसऱ्या कर्जात घराचे मूळ कागद आमच्याकडे राहतील. तीन महिने हप्ता आला नाही तर खातं थकीत होतं. मग नोटीस, साठ दिवसांची मुदत. त्यातही भरणा झाला नाही तर आम्ही घराचा ताबा घेऊन लिलाव करू शकतो. आणि घर दोघांचं आहे, तेव्हा तुमची सही लागेल, सहकर्जदार म्हणून."

घरी येताना ताई म्हणाली, "पाच लाखांत जुनं मशीन मिळेल की. पाच वर्षांत मोकळा होशील आणि घराला हात लागणार नाही."

"जुनं मशीन बिघडलं तर माझं काम बंद पडेल." मग रस्त्याच्या कडेला थांबून तो खालच्या आवाजात म्हणाला, "आयुष्यभर दुसऱ्यांचे दात कोरत बसलो ताई. एकदा तरी नवं काही घेऊ दे."

आठवड्याने ताईने घराच्या कर्जावर सही केली. प्रत्येक पान वाचून, समजून.

पहिलं वर्ष बरं गेलं. मशीन घरघरत राही आणि छोटू शिटी वाजवत कॅपा पॉलिश करी. मग शहरात एक मोठी लॅब निघाली. तिथे डॉक्टर तोंडाचं स्कॅन थेट पाठवत आणि दोन दिवसांत कॅप अर्ध्या किमतीत हातात येई. चारांतले तीन डॉक्टर तिकडे गेले. सगळे गोड बोलून गेले.

छोटूने ताईला एवढंच सांगितलं, "सध्या काम जरा मंद आहे." ती रोज स्वयंपाक करी, तो रोज मशीनसमोर बसे. मशीन बंद असे.

नोटीस आली ती दोघांच्या नावे. पोस्टमनने ताईची सही घेतली. तिने ती उभ्यानेच वाचली आणि मागच्या खोलीत गेली.

"किती हप्ते थकलेत?"

"चार." तो वर बघत नव्हता. "आधीचे मी भरत होतो ग. काम गेलं तेव्हा दुसरीकडून वैयक्तिक कर्ज काढलं, तीन लाखांचं, अठरा टक्क्यांनी. त्यातूनच घराचे हप्ते भरले. म्हटलं, घर वाचेल. पण मग त्याचाही हप्ता आला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आधीच सावध केलं होतंस म्हणून."

ती बँकेतल्या त्याच बाईकडे गेली. सत्तावीस हप्त्यांत साडेतीन लाखांच्या वर भरले गेले होते आणि मुद्दलातून पंच्याऐंशी हजारसुद्धा उतरले नव्हते. "सुरुवातीला हप्त्यातला मोठा भाग व्याजातच जातो," बाई म्हणाली. मग हलकेच पुढे म्हणाली, "लिलावापर्यंत थांबू नका. तिथे घराला भाव कमी येतो. मुदतीच्या आत स्वतः गिऱ्हाईक आणा. ते थेट आमच्याकडे पैसे भरेल, आम्ही कागद सोडू."

ताईने सात आठवड्यांत घर विकलं. अठ्ठावीस लाख आले. साडेअकरा लाखांच्या वर बँकेचे गेले. मशीन दोन लाखांना गेलं, ते पैसे त्या दुसऱ्या कर्जात वळते केले, वर लाखभर घालून तेही मिटवलं. घर घेणाऱ्या जोडप्याने मागची खोली बघून विचारलं, "इथे काय होतं?" ताई म्हणाली, "कामाची खोली." जोडप्यातल्या बाईने भिंतीवरचा मेणाचा डाग नखाने खरवडून बघितला.

उरलेल्या पैशांचे ताईने दोन सारखे भाग केले. छोटू आपला भाग घेईना. तिने त्याच्या नावाने ठेव ठेवली, पावती त्याच्या बॅगेत घातली आणि स्वतः एका खोलीचं भाड्याचं घर घेतलं. तिथे दोन माणसं मावली असती. पण छोटूने दुसऱ्या शहरात, एका मोठ्या लॅबमध्ये पगाराची नोकरी धरली.

रविवारी त्याचा फोन येतो. तो पाण्याचं, खाणावळीचं, गुडघ्याचं बोलतो. घराचा विषय दोघंही टाळतात. एकदाच, बोलणं संपत आलं असताना तो म्हणाला, "ताई, तू तेव्हा नाही म्हणायला हवं होतंस."

ताई खिडकीशी उभी होती.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं."

पलीकडे त्याने फोन ठेवला नाही. तिनेही फोन ठेवला नाही.