नववी पायरी

योगिनी देवरे यांनी भागाकाराचे सत्तावीस तुकडे केले होते, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. गंगापूर रोडवरच्या एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, त्या गणिताच्या तज्ज्ञ म्हणून बसत. तिथेच, पंख्याच्या बरोबर खाली, 'भागाकाराची शिडी' जन्माला आली. कल्पना काही वाईट नव्हती. कोणतंही अवघड कौशल्य घ्यायचं आणि विचारायचं, हे यायला आधी काय यायला हवं? जे उत्तर येईल त्यालाही तेच विचारायचं. असं खाली खाली उतरत जायचं, मुलाला आधीपासून येत असलेल्या गोष्टीपर्यंत. मग तिथून शिकवत वर चढायचं. भागाकाराला पाढे लागतात, वजाबाकी लागते, लहानमोठं ओळखता यावं लागतं, आणि या सगळ्याच्या तळाशी एकक-दशक-शतक.

योगिनीबाईंची मूळ शिडी अकरा पायऱ्यांची होती. मग ती साहेबांकडे गेली. अकरा पायऱ्यांत काम दिसत नाही, असं साहेबांचं मत पडलं. त्यामुळे 'विद्यार्थी पेन्सिल योग्य रीतीने धरतो' ही पहिली पायरी झाली आणि 'उत्तराखाली दोन समांतर रेघा मारतो' ही सत्ताविसावी. मधल्या जागेत भागाकार कसाबसा अंग चोरून बसला. तक्ता पाच रंगांत छापला, वर चकचकीत प्लास्टिक चढवलं आणि जिल्हाभरच्या शाळांच्या भिंतींवर लागला. महिन्याभरात शहाण्णव टक्के मुलांना भागाकार येत असल्याचे अहवाल आले. शिडी अशी चढली, की मुलांना पाय उचलायचीही गरज पडली नाही.

उरलेल्या चार टक्क्यांचं काय करायचं, याचाही एक आदेश निघाला. तज्ज्ञांनी स्वतः जाऊन मूल तपासायचं, कारण शोधायचं आणि ते छापील नमुन्यात भरायचं. त्या आदेशापायी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, बाई निफाडपलीकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत येऊन उतरल्या. चहूकडे द्राक्षांचे मांडव, आणि मधे दोन खोल्यांची शाळा.

वर्गशिक्षक भोये गुरुजी निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गृहस्थ होते. तक्त्यांवर त्यांचा राग नव्हता. भिंतीची पोपडी आलेली जागा झाकायला तक्ता बरा, एवढंच ते म्हणत.

"ही मैना," त्यांनी पाचवीतली एक काटकुळी मुलगी पुढे केली. "सुरगाण्याकडची. आईबाप द्राक्षाच्या कामाला येतात. जानेवारीत आली इथं. वजाबाकी करते, गुणाकार करते, पण भागाकार आला की गाडी घसरते. पाढे कच्चे आहेत, असं मी शेरापुस्तकात लिहिलंय. परवा सराव परीक्षेत पुन्हा तेच."

"वार्षिक परीक्षा कधी?"

"सोमवारी. आणि पाचवीत आता ढकलत नाहीत वर, नापास ते नापास. पण तिथवर वेळ येईलसं वाटत नाही. बाप आज दाखला न्यायला येणार आहे. म्हणतो, पोरीचं डोकं चालत नसेल तर मांडवाखाली हात तरी चालतील."

मैना ऐकत होती. ऐकत असलेल्या मुलासमोर त्याचं भवितव्य मोठ्यानं बोलायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. योगिनीबाईंना ते खटकलं. पण बोलल्या नाहीत, कारण नमुना भरायचा होता.

त्यांनी वहीत गणित घातलं. ८२४ भागिले ४. मैनानं झरझर सोडवलं आणि उत्तर लिहिलं, २६.

"बघा," गुरुजी म्हणाले.

बाईंनी रीतीप्रमाणे वरून खाली उतरायला सुरुवात केली. चारचा पाढा म्हण. मैनानं म्हटला, न अडखळता. सहाचा म्हण. तोही. चार सख्खं किती, सहा साते किती, उलटसुलट विचारून झालं. पाढे कच्चे असते तर इथे बुडाले असते, पण ते तर टणटणीत होते. पाचशे तीनमधून दोनशे अठ्ठेचाळीस वजा कर. दोनशे पंचावन्न, बरोबर. चोवीस मोठे की चाळीस? या प्रश्नावर मैनानं बाईंकडे जरा काळजीनंच पाहिलं. दोनशे सहा अंकांत लिही. २०६. मधलं शून्य कशाचं? "दशक नाय म्हणून." तेही बरोबर.

आता बाईंची पंचाईत झाली. खालच्या सगळ्या पायऱ्या शाबूत, आणि वरच्या मजल्यावर पोहोचायला पोरगी तयार नाही. आणखी एक गणित घातलं, ९३६ भागिले ४. मैनानं लिहिलं २३४. अगदी बरोबर! मग ६१५ भागिले ३. उत्तर आलं २५. मग २५६ भागिले ४. ६४, बरोबर.

घोडं कुठं पेंड खातंय ते बाईंच्या ध्यानात यायला लागलं. उत्तरात जिथे मधे शून्य हवं, तेवढीच गणितं चुकत होती.

"मैना, आता पहिलं गणित परत कर. पण हात जे करतो ते तोंडानं बोलत जा."

मैना बोलू लागली. "आठला चारचा भाग. दोनदा गेला. वर दोन. आठातून आठ गेले, शून्य. दोन खाली घेतला. दोनला चारचा भाग जात नाय." इथे ती थांबली आणि भिंतीकडे बोट केलं. "मंग पुढचा आकडा घ्यायचा. तिथं लिहेल हाय. चोवीसला चारचा भाग सहादा. वर सहा. सव्वीस."

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. पोपडीवर, पाच रंगांत, चकचकीत अक्षरांत नववी पायरी होती. 'भाग जात नसल्यास पुढचा अंक घेतो.'

एवढंच. त्याच्यापुढे काही नाही.

ती पायरी योगिनीबाईंची स्वतःची होती, साहेबांनी घुसडलेली नव्हती. टेबलाशी बसून त्यांनी दोन गणितं सोडवली होती आणि आपण काय काय करतो ते एकेक करून टिपलं होतं. त्यातलं एक होतं ९३६ भागिले ४. दुसरं २५६ भागिले ४. तिथे सुरुवातीच्या दोनला भाग जात नाही, म्हणून पुढचा पाच जोडून घ्यायचा. आरंभाला हे चालतं, वर काही लिहावं लागत नाही. पण भागाकाराचा पहिला अंक वर बसला, की नियम बदलतो. मग खाली उतरलेल्या प्रत्येक अंकामागे वर एक घर भरावंच लागतं, आणि भाग गेला नाही तर त्या घरात शून्य. हे बाईंच्या हाताला गेली पंचवीस वर्षं इतकं पाठ होतं, की मनाला त्याची खबरच नव्हती. ज्याला येतं त्याला आपण काय करतो ते दिसत नाही, हे वाक्य त्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगत. चहाच्या आधी.

"बाकीच्या पोरांना कसं येतं मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्यांना मी डिसेंबरात शिकवलं होतं, फळ्यावर," गुरुजी म्हणाले. "तक्ता कोण वाचतंय? हिचा तो धडा हुकला. ही आपली एकटी बसून भिंतीवरचं वाचायची."

म्हणजे जिल्ह्यातल्या शहाण्णव टक्क्यांनी शिडीला पाय लावला नव्हता, म्हणून ते वर होते. आणि ज्या एका पोरीनं शिडीवर विश्वास टाकला, तिच्या कपाळी मात्र 'पाढे कच्चे' आले.

बाई ओसरीवर गेल्या आणि साहेबांना फोन लावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"देवरे मॅडम, तीन हजार तक्ते लागलेत. प्लास्टिकमध्ये. आता त्यात शून्य कुठून घालू?"

"पण सर, चूक आहे ती."

"शहाण्णव टक्के निकालाला चूक म्हणत नाहीत. नमुन्यात काय रकाने आहेत? कारण विद्यार्थी, कारण पालक, कारण शिक्षक. त्यातला एक निवडा आणि या."

रकान्यांत तक्ता नव्हता, हे खरंच होतं. तो नमुनाही बाईंनीच तयार केला होता.

त्या आत आल्या. मैनाजवळ खाली बसल्या. ८२४ च्या प्रत्येक अंकाच्या डोक्यावर एकेक रिकामा चौकोन काढला. "अंक खाली उतरला की वरचं घर रिकामं ठेवायचं नाही. भाग गेला नाही तर?"

मैनानं क्षणभर पाहिलं. "शून्य बसवायचं?" मग स्वतःच बसवलं. २०६. मग चार गुणिले दोनशे सहा करून पाहिलं, आठशे चोवीस. ती गालातल्या गालात हसली. बाईंनी ४२१८ भागिले ६ घातलं. पहिल्या चारवर चौकोन नको, हे तिनं न सांगता ओळखलं, आणि ७०३ लिहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. जानेवारीपासून तीन महिने पोरगी पाढे घोकत होती, त्यांची गरजच नव्हती.

एवढ्यात दारात तिचा बाप उभा राहिला. बुधा. हाताला द्राक्षाच्या पानांचा हिरवा डाग, डोक्यावर टोपी. आत यायला तो कचरत होता.

"गुरुजी, दाखला लिहेल हाय का?"

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं. खरं तर बाईंना निघता आलं असतं. पोरीला आलंय, पाठवा परीक्षेला, एवढं सांगून त्या मोकळ्या झाल्या असत्या. तसं वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही. पण मग पोरीचं डोकं तीन महिने बंद होतं आणि तज्ज्ञ बाईंनी ते उघडलं, असा त्याचा अर्थ झाला असता. मैनाही तोच अर्थ घेऊन जन्म काढती. बाईंना स्वतःची शरम वाटली, आणि ती वाटली हे बरं झालं.

"दादा, आत या," त्या म्हणाल्या. "मैनाचं डोकं चांगलं आहे. भिंतीवरचा तो कागद मी लिहिला. त्यात एक गोष्ट लिहायची मी विसरले. तो वाचून वाचून तुमची पोर चुकत गेली. चूक माझी आहे."

बुधानं कागदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. सरकारी माणूस असं बोलतो याची त्याला सवय नव्हती, त्यामुळे यात काही फास तर नाही ना, असं तो तपासत होता.

"पण गुरुजींनी लिहेल हाय ना, लाल शाईनं. पाढे येत नाय म्हून."

गुरुजी खाली बघू लागले. बाईंनी शेरापुस्तक मागितलं. लाल पेनही मागितलं. गुरुजींच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली सावकाश लिहिलं. सही केली. हुद्दाही लिहिला, म्हणजे साहेबांना शोधायला त्रास नको.

"काय लिहिलं?" बुधानं विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं पुस्तक पोरीपुढे सरकवलं. "तू वाच."

मैनानं बोट ठेवून वाचलं. "मैनाचे पाढे पक्के आहेत. भागाकार येतो. तक्त्यात चूक होती, ती तिने केलेली नाही. योगिनी देवरे, गणित तज्ज्ञ."

बुधानं टोपी काढून हातात घेतली.

"परत वाच," तो म्हणाला.

तिनं परत वाचलं, या वेळी मोठ्यानं.