वीस वर्षांनंतरचा खोकला

दगड घासायच्या कारखान्यात हिशेबनिसाला सगळे दशांश म्हणत. पैसुद्धा सोडायचा नाही गडी. त्याचा धाकटा मेहुणा खाली घासणीवर होता, ह्यानंच चिकटवलेला.

धूळ ओढून घ्यायच्या यंत्राचा भाव आला, चाळीस लाख. मालकीणबाई म्हणाल्या, "परवडतं का, मांडून दाखवा."

दशांशनं मांडलं. यंत्र नाही बसवलं तर वीस वर्षांनी दहा माणसं छातीनं आडवी होणार, माणशी दहा लाख भरपाई. झाला एक कोटी. आता चाळीसपेक्षा कोटी मोठा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कोटी द्यायचाय वीस वर्षांनी. आज दहा लाख सदतीस हजार बाजूला टाकले, बारा टक्क्यांनी व्याजावर व्याज चढू दिलं, की त्याचाच तेव्हा कोटी होतो. मग दहा वाचवायला चाळीस कोण घालतो?

पण त्या दहा माणसांत मेहुणाही आला. बारा खोडून त्यानं चार केले. चारनं तोच कोटी आज साडेपंचेचाळीस लाखांचा झाला. यंत्र परवडलं की!

बाईंनी चष्मा चढवला. "हे चार कुठनं आणलेत?"

"लांबचा मामला आहे बाई. माणसांचा आहे."

"बँक देते मला चारनं? गेल्या महिन्यात ट्रकला बारा धरलेत ते तुम्हीच ना?" मग आवाज खाली आला. "मेहुणा खाली आहे तुमचा, ठाऊक आहे मला. राग नाही माझा. बारा घाला नि सही करा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्यांचे असले चार त्यानंच जन्मभर खोडले होते. त्यानं बारा घातले. सही केली.

खाली मेहुण्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या.

"काय दाजी, आलं का यंत्र?"

"नाही येत. तू सोड हे. गोदामात शब्द टाकतो मी."

"पगार?"

"इथल्या निम्मा."

मेहुणा खो खो हसला, हसता हसता खोकला. "वीस वर्षांनी मरायचं म्हणून आजपासनं अर्धपोटी राहू? पोरांना आत्ता भूक लागते, दाजी. तेव्हाचं तेव्हा बघू. ताईला मात्र बोलू नका हं."

दशांश चूक शोधत उभा राहिला. आजचा रुपया जड, उद्याचा हलका. बाईंचं गणित तेच, ह्याचंही तेच. फरक एवढाच, की बाईंच्या गणितात मरणारा दुसरा होता.

"सरका दाजी, कपडे खराब होतील," म्हणत मेहुण्यानं तोंडाला फडकं बांधलं नि घासणी चालू केली.