तिसऱ्या जागेचा चेंडू

आमच्या क्लबाच्या टेबल टेनिस संघात तिघं खेळतात आणि चौथा टाळ्या वाजवतो. चौथ्याकडे पाण्याच्या बाटल्याही असतात. फरशीवाला दोन वर्षं हे पद सांभाळून होता, आणि त्याच्या टाळ्या आता पार बेसुऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्या क्लबात जाऊन हरलो तरी चालेल, म्हणे, पण हरायला तरी मिळू दे.

तिसरी जागा घड्याळकाकांची. सत्तरी गाठलेले, हाताने दुरुस्त केलेल्या घड्याळांइतकेच चिवट. त्यांना कोणी कधी जोरात फटका मारताना पाहिलेलं नाही. चेंडू आला की बॅट त्याच्या पोटाखालून सरकवायची, त्याला कापत उलटी फिरकी द्यायची आणि शांतपणे पलीकडे पाठवून द्यायचं. समोरचा मारायला जातो आणि चेंडू जाळीत पडतो. मग काका काळजीने विचारतात, "लागलं नाही ना कुठे?"

नियम असा की वरच्या जागेला आव्हान द्यायचं तर हंगामापूर्वीच्या रविवारी सकाळी, पाच गेमचा सामना, आणि तो चालू असताना कप्तानाने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कप्तान फरशीवाल्याची सख्खी थोरली बहीण. अवाक्षर न काढणं हे तिच्यासाठी उपोषणापेक्षा अवघड, म्हणून तिने सगळं आधीच बोलून घेतलं. महिनाभर.

पहिल्या दिवशी तिने त्याला काकांच्याच पद्धतीचे पन्नास चेंडू कापून दिले. एकेचाळीस जाळीत. उरलेल्या नवांतले बरेच भिंतीवर.

"उलट फिरकी खाली ओढते," ताई म्हणाली. "तू बॅट पुढे झुकवून मारतोस, जसा काही चेंडू तुझ्याकडे धावत येतोय. तो येत नाहीये, तो जमिनीला चिकटायला बघतोय. त्याला खालून उचल."

त्याने उचलला. कमरेतून वाकून, हाताने. चेंडू छताच्या पंख्याला लागला.

त्यात फरशीवाल्याची अडचण होती. दिवसभर गुडघ्यांवर बसून फरशी लावणारा माणूस संध्याकाळी गुडघे वाकवायला तयार नसतो. तो टेबलामागे विजेच्या खांबासारखा ताठ उभा राहायचा आणि खांबाला फक्त हात फुटायचे. ताईने त्याची कीव केली नाही. गुडघे वाकव, उजव्या पायावर बस, कंबर उजवीकडे वळव, उजवा खांदा खाली, बॅट गुडघ्याच्या मागे. मग पायाने जमीन ढकलायची, कंबर फिरवायची, हात सगळ्यात शेवटी. वरातीत शेवटी येणाऱ्या मामासारखा, ती म्हणाली. आला नाही तर चालत नाही, पण पुढे घुसायचं नाही. आणि चेंडूला धडक द्यायची नाही, त्याची पाठ घासत वर जायचं.

दुसऱ्या आठवड्यात पन्नासांतले बावीस पलीकडे पडले, तिसऱ्यात सदतीस. चेंडू जाळीवरून उंच जायचा आणि पलीकडे एकदम मान टाकून टेबलावर पडून उसळायचा. फरशीवाला आपल्या बॅटकडे नव्याने लग्न झाल्यासारखा बघायला लागला.

आणि तिथेच घोळ झाला. बॅटचा कोन किती, असं त्याने विचारलं. जवळजवळ उभी, किंचित पुढे झुकलेली, असं ताईने सांगितलं. फरशीवाला त्याच्या धंद्यात केसाएवढा फरक पडला तरी लावलेली फरशी उखडतो. त्याने तो कोन हातात असा बसवला की लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मध्यावरून हलू नये. एकदा बसवला की विषय संपला.

रविवारी सकाळी नेहमीचे अकरा जण बघायला होते. नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांना बॅट दाखवल्या. काकांनी त्याची बॅट चष्मा वर करून अशी तपासली की आता मागचं झाकणच उघडतील.

पहिला गेम फरशीवाल्याने अकरा-सहा घेतला. काका कापत होते आणि तो बसून, वळून, उठून घासत होता. आमच्यातला बेकरीवाला म्हणाला, गेलं म्हाताऱ्याचं राज्य. काकांनी टॉवेलने चष्मा पुसायला जरा जास्त वेळ घेतला.

दुसऱ्या गेमपासून फरशीवाल्याचे चेंडू टेबलापलीकडे जायला लागले. फटका तोच, वाकणं तेच, कोन तर तोच होता. आणि चेंडू हातभर लांब. घाबरून त्याने बॅट पुढे झुकवली, तर पुढचा जाळीत. मग परत जुना कोन, परत बाहेर. "लागलं नाही ना कुठे?" काकांनी विचारलं. दुसरा गेम गेला, तिसराही गेला. ताई खुर्चीवर बसून ओठ आत घेऊन होती. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आत सगळं भाषण पाठ चाललंय.

चौथ्या गेममध्ये सहा गुणांनंतर घाम पुसताना त्याने चेंडूही पुसला. त्यावर कंपनीचा निळा शिक्का होता. तो त्या शिक्क्याकडे बघतच राहिला. मघाशी बाहेर गेलेला चेंडू येताना त्याने हा शिक्का स्वच्छ पाहिला होता, अगदी वाचता येईल असा. आणि जाळीत गेलेल्यावर तो नुसता निळसर धूर होता.

म्हणजे काका सगळे चेंडू कापत नव्हते. हात तसाच फिरवायचे, पण अधूनमधून बॅट न घासता चेंडू नुसता पुढे सरकवायचे. फिरकी शून्य. भरलेली पिशवी समजून जोर लावून उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसा तो दर वेळी तोंडघशी पडत होता.

त्यानंतर फरशीवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा कोन हलता ठेवला. शिक्का धूर झाला की खोल बसायचं, बॅट जवळजवळ उभी, घासत वर. शिक्का दिसला की तितकं खाली जायचं नाही, बॅट जास्त झुकवायची आणि वर कमी, पुढे जास्त. काही चेंडू चुकले, पण आता ते का चुकले हे त्याला कळत होतं. चौथा गेम अकरा-नऊ.

पाचव्यात नऊ-नऊ. दोन्ही सर्व्हिस काकांच्या. पहिली आखूड आली, त्याने हळूच परत दिली, काकांनी चेंडू त्याच्या उजव्या बाजूला लांब सरकवला. शिक्का वाचता येत होता. त्याने बॅट झुकवली आणि कंबर फिरवून चेंडू पुढे मारला. काकांची बॅट जागेवर पोहोचलीच नाही.

दहा-नऊ. पुन्हा आखूड, पुन्हा परत, पुन्हा लांब. पण यावेळी काकांनी मनगटाचा सगळा हिशोब त्यात घातला होता. चेंडू धूसर होऊन आला. फरशीवाला इतका खाली बसला की टेबलापलीकडून नुसतं त्याचं डोकं दिसत होतं. मग पाय, कंबर, आणि शेवटी हात. चेंडू वर गेला, जाळी ओलांडून खाली वळला आणि उसळला. काकांनी बॅट आडवी धरली. चेंडू तिच्यावरून उडून बेकरीवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला.

ताईने धरून ठेवलेला श्वास सोडला तो दारापर्यंत ऐकू आला. लगेच तिने भावाला सुनावलं की दुसऱ्या गेममध्ये डोळे कुठे गहाण ठेवले होतेस.

काकांनी हात मिळवला, तो सोडला नाही. "शिक्का बघितलास ना?"

"हो काका."

"आठ वर्षांत कोणी बघितला नव्हता," काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवण्याइतका आनंदही झाला होता. "शनिवारी पलीकडच्या क्लबाशी सामना आहे, त्यांच्यात एक कापणारी बाई आहे. माझ्यापेक्षा दुप्पट कापते. रोज सहा वाजता ये, मी कापून देतो. आणि पुढच्या वर्षी मी आव्हान देणार आहे, आधीच सांगून ठेवतो."

"तुमचे गुडघे, काका?"

"माझे गुडघे लागतातच कुठे? वाकतोस तू."

मग त्यांनी कोपऱ्यातली बाटल्यांची पिशवी उचलून वजन पाहिलं, नाक मुरडलं, आणि एकदा टाळी वाजवून बघितली. बऱ्यापैकी सुरात होती.