घोरावाडीच्या बाकावर सापडलेला खुनी

परंदवडीच्या समीक्षानं हट्टच धरला होता. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची मुदत संपायच्या आत एक अख्खी इंग्रजी कादंबरी वाचायची. जमलं तर बी.ए.ला इंग्रजी घ्यायचं, न्हाई जमलं तर त्या विषयाचं नावच काढायचं न्हाई. बारावी झाली तशी पोर कंपनीत पॅकिंगला लागलेली, पण हे खूळ काय डोक्यातनं जाईना.

पहिली फसली ती पुस्तक निवडताना. तळेगावच्या वाचनालयातनं आणलं कसलं, तर उशीएवढं जाड, सोनेरी अक्षरांचं. त्यात शाळेतली शब्दार्थ लिहायची सवय. ओळ वाचायची, मोबाईलात शब्द बघायचा, वहीत उतरवायचा. वही भरत आली, तरी गोष्टीतला म्हातारा घोड्यावरनं उतरला न्हाई.

"उतरला का गं त्यो?" धाकटा संदेश रोज विचारायचा. "का घोडाच मेला?"

"गप रं, मुडद्या!"

पण जीव थाऱ्यावर नव्हता. मुदत जवळ येत चाललेली.

सुट्टीच्या दिवशी भाताच्या आवणीला खाचरात उतरली. मागं मागं सरत रोपं लावायची. एका जागी रोपांचा चूड लावायचा सुटला, तो लावायला पुढं पाय टाकला तशी आई, शालूबाई, वरडली.

"लावलेलं तुडवतीस व्हय गं? सुटला तर सुटू दे! रोपं उभी ऱ्हायल्यावर भरू की मोकळ्या जागा."

समीक्षा चिखलात तशीच उभी. "आई, पुस्तकाचं बी असंच करू?"

"मला काय ठावं पुस्तकाचं? हात चालव!"

दुसऱ्या दिवशी जाडं पुस्तक परत. आता कपाटापाशीच उभं राहून मधलं पान उघडायचं, शब्द अडला की एक बोट मिटायचं. मूठ झाली की पुस्तक जागेवर. शेवटी एकाला दोनच बोटं मिटली. पातळसं, खुनाचं. मराठीत असली तिनं ढिगानं वाचलेली, गोष्ट कुटं वळणार याचा वास यायचा.

शब्द अडला की अंदाज बांधून पुढं. 'अलिबाय' मात्र पानोपानी आडवा यायला लागला, मग बघितला. खुनाच्या वेळी मी दुसरीकडंच होतो याचा पुरावा! मागची चार पानं एकदम उजळली. माळ्याकडं तसला पुरावा नव्हता, तिचा संशय त्याच्यावरच. बागेतली फुलं कसली होती, ते तिला अजून ठावं न्हाई. काही अडलं न्हाई.

मधी समुद्राचं वर्णन आलं, सगळं धुकंच. पुस्तक मिटलं, उघडलं, परत मिटलं. मग त्यावरनं नुसती नजर फिरवत माणसं बोलायला लागतात तितं पोचली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी कामाला निघाली, ती घोरावाडी स्टेशनच्या बाकावर पुस्तक उघडून बसलेली. लोकल आली, गेली. फोन वाजला.

"कुटं हैस?" संदेश. "सुपरवायझर मला फोन करतोय!"

"संद्या, माळी न्हाई रं! डॉक्टरनं मारलं!"

"कुणाला? तू बरी हैस ना?"

"थांब, तीन पानं ऱ्हायलीत."

पानं संपली. तिनं मोबाईलवर प्रवेशाचं पान उघडलं, विषयात इंग्रजी निवडलं आणि अर्ज धाडून दिला.

फोन परत वाजला. "पण डॉक्टरनं का मारलं गं?"