मावशीच्या खात्यातून भरलेली फी

फार्मसी दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच सोडतेय, फी परत मिळावी, असा अर्ज मी कुलसचिवांना लिहिला. कारण दिलं ‘घरगुती’. हे कारण कुठेही चालतं आणि कुणी खोलात शिरत नाही.

कुलसचिव बाई खोलात शिरल्या. कारणात नव्हे, पावतीत.

“फी कुणाच्या खात्यातून भरलीय?”

“मावशीच्या.”

“मग परतावाही तिथेच जाईल. तुझ्या खात्यात हवा असेल तर तिचं संमतीपत्र लागेल. तिला माहितीय ना?”

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“म्हणजे पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला की तिला कळणार? छान!” त्या म्हणाल्या. आज शेवटची तारीख होती, उद्यापासून निम्मीच फी परत मिळणार होती. मी आठवडाभर ग्रंथालय आणि प्रयोगशाळेच्या ‘नो ड्यूज’ दाखल्यांमागे धावत बसले होते, तेही अजून अपुरेच. “अगं, अर्ज आधी द्यायचा. तारीख आवक शिक्क्याची धरतात, दाखले मागून जोडता येतात.” त्यांनी समोरच शिक्का मारून घेतला आणि अर्जाची शिक्का मारलेली प्रत पोच म्हणून माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. मावशीने मला लहानाचं मोठं केलं, पडदे शिवून शिकवलं. तिच्या नजरेतून उतरले तर फी परत मिळून तरी काय करायचं होतं?

तिच्या पडद्यांच्या दुकानात ती कापड बेतत होती. मी पोच पुढे केली. तिने चष्मा लावून ती सावकाश वाचली.

“घरगुती कारण? घरात मी एकटी. म्हणजे मीच की काय कारण?”

“नाही गं! मला तो अभ्यास झेपत नाही असं नाही, पण मन लागत नाही. तुला तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती.”

“आणि कॉलेजात दाखवलंस? वा!” तिने कात्री खाली ठेवली. “पुढे काय करणार?”

“माहीत नाही.”

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी मान खाली घातली. तिने बिलबुकातला कोरा कागद फाडला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. परताव्याची रक्कम भाचीच्या खात्यात जमा करावी, माझी हरकत नाही. खाली ठसठशीत सही केली.

“मावशी, पैसे तुझे आहेत.”

“तुला शिकवायला काढले होते. काय शिकायचं ते तुझं अजून ठरलं नाही, एवढंच ना?” तिने कागद माझ्या हातात कोंबला. “ठरलं की सांग. आणि नाही ठरलं तरी हॉस्टेलवर लपून बसू नकोस, जेवायला घरी ये.”

मी तिथेच, ग्राहकांसमोर, तिच्या गळ्यात पडून रडले.